फाळका

कराडहून उंब्रजकडं जाताना हायवेला आमच्या गावाचा फाटा लागायचा. तिथं एक चहाचं हॉटेल, एक पंक्चरवाला आणि लिंबाच्या झाडाखाली आमच्या आण्णांचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्र्यांची खोपी. आत रंगाचे डबे, टर्पेंटाइनची बाटली, रॉकेलच्या डब्यात उभे केलेले ब्रश आणि एका खिळ्याला अडकवलेला सुताचा दोरा. बाहेर पाटी होती, पण त्या पाटीवर आण्णांचं नाव नव्हतं. नुसतं ‘पेंटर’ एवढंच लिहिलेलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “लोकांची नावं लिवायचं दुकान हाय हे. आपलं कशाला?”

ट्रकच्या हौद्याला मागून बंद करणारं जे खाली पडणारं दार असतं, त्याला फाळका म्हणतात. आण्णांचा निम्मा जन्म फाळक्यांसमोर उकिडवं बसण्यात गेला. वर्षातून एकदा गाडी पासिंगला न्यावी लागे. त्याच्या आधी आठ दिवस मालक गाडी घेऊन यायचा. नंबर, मालकाचं नाव-गाव, गाडीचं वजन हे सगळं सरकारच्या नियमाप्रमाणं लिहायचं असे. ते झालं की मालक चहा मागवायचा, बिडी पेटवायचा आणि मग हळूच म्हणायचा, “पेंटर, आता मागं काय लिवू या?”

खरं काम तिथं सुरू व्हायचं. कुणाला कुलदैवत पाहिजे असे, कुणाला आईबाप, कुणाला पोरांची नावं. एकाला नुसतं ‘हप्ता’ लिहून पाहिजे होतं. आण्णांनी त्याची समजूत काढून ‘कष्टाची भाकरी’ लिहून दिलं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो देवाचं नाव घेतो आणि ज्याचं फिटलंय तो पोरांचं, असा त्यांचा हिशेब होता. सगळ्यांना तो लागू पडत नसे, पण बऱ्याच जणांना पडायचा.

शाळा सुटली की मी फाट्यावर जाई. माझं काम दोरा धरायचं. सुताचा दोरा खडूच्या भुकटीतून ओढायचा, एक टोक मी फाळक्याच्या डाव्या कडेला दाबून धरायचं, दुसरं आण्णा उजवीकडं धरणार. मधेच ताणून ‘टण्ण’ करून सोडला की पत्र्यावर पांढरी रेघ उमटे. ती शिरोरेघ. नवखा माणूस ती रेघ अगदी वर मारतो आणि मग वेलांट्या, मात्रांना जागा उरत नाही, त्या लोखंडी कडेवर चढतात. फाळका अडीच फूट उंच असला, तर वरची जवळजवळ तिसरी वाटणी आण्णा मोकळी सोडायचे. ते म्हणायचे, “अक्षराला डोकं असतंय. डोक्याला जागा ठेव, मग पायाचं बगू.”

रंग बसणं-न बसणं मात्र अक्षराच्या आधीच ठरलेलं असतं. पत्र्यावर डिझेलचा हात लागलेला असला, तर रंग तिथं धरत नाही. माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. म्हणून आधी रॉकेलनं पुसायचं, मग सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, वाळवायचं. गंज असेल तर खरवडायचा, खड्ड्यात लांबी भरायची, मग रेड ऑक्साइडचा हात. त्यावर जमिनीचा रंग, म्हणजे अक्षरांच्या मागचा. तो एक रात्र वाळू द्यायचा. मालकाला घाई असते. तो म्हणतो, “वाळलाय की आता, हाताला लागत न्हाई.” हाताला न लागणारा रंग आतून ओला असतो. त्यावर दुसरा हात मारला की दोन दिवसांनी म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. आण्णांनी त्या रात्रीसाठी कितीतरी गिऱ्हाइकं घालवली.

आमच्या घरात तोवर सायकल सोडून चाकाचं काही नव्हतं. बैलगाडी होती, ती वाटणीत गेलेली. आण्णांचा धाकटा भाऊ, आमचा काका, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. कोल्हापूरचा गूळ भरून गुजरातेत जायचा आणि येताना मिळेल तो माल आणायचा. दर खेपेला तो सांगायचा, “दादा, माल मालकाचा, गाडी मालकाची, झोप मात्र माझी जाती.” शेवटी घरात बसून ठरलं. जुनी टाटा 1210 मिळत होती. अठरा गुंठे विकले. आजीनं गळ्यातली बोरमाळ काढून काकाच्या हातावर ठेवली. उरलेल्या पैशाला फायनान्स केलं. जिचा फाळका आण्णा रंगवणार होते, ती पहिल्यांदाच आमच्या घरची गाडी होती.

काय लिहायचं यावर दोन दिवस घरात चर्चा झाली. काकाला भैरोबाचं नाव पाहिजे होतं, काकूला पोरांचं. आण्णा गप्प होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “ज्येचा दागिना मोडला त्येचं नाव.” ठरलं ‘आईची पुण्याई’.

तो फाळका लिहिताना मी पहिल्यांदा आण्णांना कागदावर आकृती काढताना बघितलं. एरवी ते खडूनं सरळ पत्र्यावर मांडायचे. फाळक्याला दोन उभ्या लोखंडी पट्ट्या होत्या, त्यानं त्याचे तीन खण पडलेले. अक्षर पट्टीवर आलं की ते मोडल्यासारखं दिसतं, कारण पट्टी पत्र्यापासून बोटभर पुढं असते. समोरून नीट वाटतं, कडेनं बघितलं की अक्षराला कंबरेत लचक भरलेली. ‘आईची पुण्याई’ची अक्षरं सहा. आण्णांनी एकेका खणात दोन-दोन बसवली. पहिल्यात ‘आई’, मधल्यात ‘ची’ आणि ‘पु’, शेवटच्यात ‘ण्याई’. पट्टीवरून फक्त शिरोरेघ जाणार, अक्षर एकही जाणार नाही.

पण एक अडचण होती. ‘ण्या’ अंगानं रुंद, आणि ‘ची’ आणि ‘पु’च्या मधे शब्द तुटतो तिथं जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर लोक सलग वाचणार. आण्णांनी ‘ची’ पट्टीला जवळजवळ चिकटवला, ‘पु’ दुसऱ्या बाजूला सरकवला आणि मधे चार बोटं मोकळी ठेवली. शिरोरेघ तेवढी तिथं तोडली. मग पंधरा पावलं मागं गेले, हायवेच्या कडेला उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघितलं. परत आले, ‘पु’चा उकार थोडा वर घेतला. असं चार-पाच वेळा झालं. मी कंटाळून विचारलं, “आण्णा, एवढं कोण बगतंय?”

ते म्हणाले, “खंबाटकीच्या घाटात भरलेली गाडी पायी चालल्यागत चालती. मागं एष्टी असती, मोटार असती. त्यास्नी पुढं जायाला जागा नसती. मग करत्यात काय? वाचत्यात. घाट संपंपतोर तुझ्या आज्जीचं नाव वाचत्यात.”

जमीन निळी, अक्षरं पिवळी, त्यांना बारीक तांबडी आउटलाइन आणि खालच्या अंगाला पांढरी सावली. आधी चपट्या ब्रशनं पिवळं भरलं. दुसऱ्या दिवशी खारीच्या केसाच्या बारीक ब्रशनं आउटलाइन. त्या वेळी आण्णा डाव्या हातात एक काठी धरायचे, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. गोळा पत्र्याला टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही आणि थरथरत नाही. आउटलाइन ओढताना ते श्वास धरायचे. रेघ संपली की मगच “हं” करून सोडायचे. त्या दिवशी मीपण त्यांच्याबरोबर श्वास धरत होतो.

काम झाल्यावर आण्णांनी एक गोष्ट केली, जी मी दुसऱ्या कुठल्या गाडीला केलेली बघितली नव्हती. फाळक्याच्या दोन्ही टोकांना साखळ्या असतात. गाडी पळताना त्या हलतात आणि टोकाची अक्षरं घासून खातात. एका गाडीवर ‘आईबापाचा आशीर्वाद’ होतं, वर्षभरात शेवटचा ‘द’ साखळीनं खाल्ला आणि ती गाडी ‘आशीर्वा’ घेऊन हिंडत होती. आण्णांनी पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिचे दोन तुकडे साखळ्यांवर मोज्यासारखे चढवले आणि तारेनं बांधले. शेवटच्या ‘ई’ला धक्का लागू नये म्हणून.

आजीला गाडी बघायला बैलगाडीतून फाट्यावर आणलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं नारळ वाढवला, चाकाला हळदकुंकू लावलं आणि मागं येऊन उभी राहिली.

“ह्यात माझं नाव कुठं हाय?”

आण्णांनी तिचं बोट धरून पहिल्या खणावर ठेवलं. “ह्ये ‘आई’. ही तूच.”

“आन् पुढं?”

“पुण्याई.”

“ती कुणाची?”

“तुजीच की.”

ती हसली. “मग समदं माजंच लिवलंय. तुमी काय लिवलं तुमचं?”

पुढची दीड वर्षं आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न असायचा. आजी ओसरीवर बसून विचारायची, “गाडी कुठवर गेली?” कुणीतरी सांगायचं, सुरतला. कुणी सांगायचं, वाशीला, हुबळीला. तिला ही गावं माहीत नव्हती. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. “तिथली लोकं वाचत्यात का?” गुजरातेतल्या लोकांना आपली लिपी वाचता येते का, यावर मी आणि चुलतभाऊ भांडायचो. आण्णा म्हणायचे, “वाचत्यात. त्येंच्या अक्षरावर रेघ नसती, आपल्या अक्षरावर असती, एवढंच.”

दुसऱ्या वर्षी काकानं उसाच्या वाहतुकीचा करार केला. लांबच्या खेपांना डिझेल आणि टायर खात होते. कारखाना जवळ, रोज घरी येता येईल, असा त्याचा हिशेब. त्यासाठी तोडणीची टोळी लागते आणि टोळीला आधी उचल द्यावी लागते. काकानं दोन हप्ते थकवून आणि थोडं व्याजानं काढून मुकादमाला उचल दिली. दिवाळी झाली, कारखान्याचा बॉयलर पेटला, टोळी आली नाही. मुकादमानं दोन ठिकाणी उचल घेतली होती आणि माणसं दुसरीकडच्या कारखान्यावर नेली होती. काका चारदा त्याच्या गावाला जाऊन आला. टोळीतल्या माणसांना तर ठाऊकही नव्हतं की त्यांच्या नावानं आमच्याकडून पैसे गेलेत.

मग काका मिळेल त्याच्या उसाच्या खेपा मारत राहिला. उसाला फाळका पाडलेलाच असतो, कारण ऊस मागं हात-दोन हात बाहेर येतो. पाडलेल्या फाळक्यावरची अक्षरं उलटी होऊन गाडीच्या पोटाकडं तोंड करून लोंबतात. त्या हंगामात चार महिने आजीचं नाव कुणालाच दिसलं नाही. फक्त खालची धूळ त्यावर बसत राहिली.

चैत्रात एका रात्री काका ढाब्यावर जेवत होता. फायनान्सची माणसं आली, किल्ली मागितली, सही घेतली आणि गाडी ओढून नेली. काका जेवणाचं ताट तसंच ठेवून पहाटे चालत घरी आला. त्या दिवशी त्यानं आणि आण्णांनी परड्यात उभं राहून एकच ठरवलं. आईला सांगायचं नाही.

आजीचा प्रश्न चालूच होता. “गाडी कुठवर गेली?” आता उत्तर द्यायला सगळे चाचरायचे. काकू आत निघून जाई. काका परत दुसऱ्याच्या गाडीवर लागला होता, त्यामुळं तो कुठं गेलाय ते सांगितलं की भागायचं. मी पण सांगायचो. सुरतला गेलीय. खोटं बोलताना मला सुरत सगळ्यांत सोपं वाटायचं, ते लांब होतं म्हणून असेल.

पुढच्या श्रावणात, पाऊस उघडलेल्या एका दिवशी, फाट्यावर एक 1210 येऊन थांबली. नवा नंबर रंगवायचा नव्हता, नंबर तोच होता. मालक उतरला, तिकडं कोरेगाव बाजूचा होता. त्यानं गाडी लिलावात घेतलेली. आण्णा खोपीतून उठले. मी दप्तर घेऊन नुकताच पोचलो होतो. मी आधी साखळी बघितली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा तसाच होता. तार गंजली होती, पण ट्यूब जाग्यावर होती. ‘ई’ अजून पूर्ण होती.

मालकाला हे काही माहीत नव्हतं. त्यानं सहज विचारलं, “पेंटर, मागचं पुसून माझ्या पोरींची नावं टाका. दोगी हायत. किती घ्याल?”

आण्णांनी नेहमीचा भाव सांगितला. कमी नाही, जास्त नाही.

आता पुसायचं म्हणजे नुसता वरून रंग मारायचा असं नसतं. ऑइलपेंटच्या अक्षराला जाडी असते. ती घासून सपाट केली नाही आणि वरून कितीही हात दिले तरी सकाळच्या तिरप्या उन्हात खालचं अक्षर उठून दिसतं. रंग निळाच असतो, पण आतली ‘आई’ वाचता येते. आण्णांना हे ठाऊक होतं आणि मालकाला नव्हतं. दोन हात निळे मारले असते तर तो खूश होऊन गेला असता. माझ्या मनात तेच आलं. मी हळूच म्हणालोसुद्धा, “आण्णा, वरनंच मारू या की.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वॉटर पेपर काढला, 120 नंबरचा, त्याचे दोन तुकडे केले. एक माझ्या हातात दिला. “पाण्यात बुडव. तू तिकडनं घे, मी हिकडनं घेतो.”

मी ‘आई’कडच्या बाजूला होतो. घासताना आधी तांबडी आउटलाइन गेली. मग पिवळा पातळ होत गेला, त्याखालून निळा, निळ्याखालून रेड ऑक्साइडचा विटकरी. हिरवट पिवळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. दुपारभर आम्ही दोघं एका फाळक्याच्या दोन टोकांकडून मधे येत होतो, एक शब्द बोललो नाही. हात फिरवून बघितलं तेव्हा पत्रा सगळीकडं सारखा लागत होता. आण्णांनी डोळे मिटून तळहात फिरवला, एका ठिकाणी थांबले, तिथं परत पेपर मारला.

रात्रभर जमीन वाळू दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन पोरींची नावं लिहिली. ती मी इथं लिहीत नाही, आज त्या कुठंतरी संसारात असतील. परत कागदावर आकृती काढली. परत पट्ट्या चुकवल्या. परत पंधरा पावलं मागं जाऊन हायवेच्या कडेला उभे राहिले. आउटलाइन ओढताना श्वास धरला. मी मात्र या वेळी धरला नाही. मला राग आला होता. कशाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं.

जाताना आण्णांनी साखळीची गंजकी तार काढून नवी बांधली आणि मालकाला सांगितलं, “ही ट्यूब काढू नगा. साखळी अक्षरं खाती. धाकटीचं नाव कडंला हाय.”

मालक म्हणाला, “आधीचा मालक शाणा दिसतोय.”

आण्णा म्हणाले, “व्हय. होता.”

संध्याकाळी आम्ही सायकलवरून घरी आलो. मी पुढं दांडीवर. आण्णांच्या हाताला निळा रंग होता, टर्पेंटाइननं पुसूनही नखाच्या कडेला राहतो तो. आजी ओसरीवर बसली होती. तिनं विचारलं, “गाडी कुठवर गेली?”

मी ‘सुरत’ म्हणणार होतो. तेवढ्यात आण्णा म्हणाले, “आज फाट्यावरच आलीवती.”

“मग घरला का न्हाई आली?”

“घाई हुती. माल भरायचा हुता.”

“रंग गेला असंल आता.”

“नवा दिला आज. हे बग.” आण्णांनी तिच्यापुढं हात धरला. आजीनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, नखाकडंचा निळा रंग अंगठ्यानं चोळून बघितला आणि बराच वेळ हात सोडला नाही. तिला त्या वेळी किती कळलं होतं, हे मला पुढं खूप वर्षं विचारावंसं वाटायचं. त्या दिवसानंतर तिनं गाडी कुठवर गेली हे परत कधीच विचारलं नाही. दोन वर्षांनी ती गेली.

पुढं रस्ता चौपदरी झाला, लिंबाचं झाड गेलं, खोपी गेली. रेडियमची कापलेली अक्षरं आली, ती तासाभरात चिकटतात आणि त्यांना रात्रभर वाळावं लागत नाही. 2015 मध्ये गाड्यांच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला आपल्या राज्यात बंदी आली, ते पेपरात वाचून आण्णा म्हणाले, “बरं झालं. त्येच्यामुळं पोरांच्या नावाला जागा कमी पडायची.”

मी अजून घाटात ट्रकच्या मागं अडकलो की हॉर्न वाजवत नाही. फाळका वाचतो. हातानं लिहिलेला असला तर आधी पट्ट्या बघतो, अक्षर मोडलंय का ते. मग साखळी बघतो. आणि सकाळचं ऊन तिरपं पडलं असलं, तर त्या नावाच्या खाली आणखी कुणाचं नाव दिसतंय का, तेही बघतो. पुष्कळ गाड्यांवर दिसतं. घासायचा कंटाळा केलेला असतो.

आमच्या गाडीवर दिसणार नाही. ती आम्ही दोघांनी दुपारभर बसून नीट घासली होती.